बाजार थांबतो, घड्याळ थांबत नाही: ट्रेडिंग हॉल्ट, सर्किट आणि अडकलेला ऑप्शनधारक

(मांजर्ली, बदलापूर पश्चिम इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)

समोर बसलेल्यांपैकी बरेच जण रोज लोकलने मुंबईला जाणारे आहेत, त्यामुळे सुरुवात गाडीनेच करू. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस इथून जवळच, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती. आत हजाराच्या वर प्रवासी होते. प्रत्येकाकडे रीतसर तिकीट होतं. पण त्या तिकिटाचा त्या घडीला काय उपयोग होता? गाडी पुढे जात नव्हती, मागे जात नव्हती, आणि खाली उतरावं तर पाणी. घड्याळ मात्र चालूच होतं.

ऑप्शन हे असंच एक तिकीट आहे. ते घेताना आपल्याला सांगतात की खरेदीदाराचं नुकसान ठरलेलं असतं, भरलेल्या प्रीमियमपेक्षा जास्त काही जात नाही. हे वाक्य खरं आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे मनात येईल तेव्हा ऑप्शन विकून बाहेर पडता येईल, निदान एक्स्पायरीच्या आधी तरी. आज आम्ही बोलणार आहोत ते या गृहीतकाबद्दल. बाजारच थांबला, किंवा ज्या शेअरवर ऑप्शन आहे तो शेअरच अडकला, तर बाहेर कसं पडायचं?

आधी एक साधी गोष्ट पक्की करू. ऑप्शनमधून बाहेर पडायला दोन दारं असतात. पहिलं म्हणजे तोच ऑप्शन दुसऱ्या कुणाला तरी विकणं. दुसरं दार फारसं कुणी सांगत नाही. ते म्हणजे मूळ शेअरमध्ये किंवा फ्यूचरमध्ये उलटा सौदा करणं. तुमच्याकडे पुट आहे आणि शेअर पडलाय, पण पुटला गिऱ्हाईक नाही, तर तुम्ही शेअर विकत घेऊन ठेवू शकता. पुटमुळे विकायचा भाव ठरलेला, खरेदीचा भाव आता ठरला, मधला फरक तुमच्या पदरात पक्का झाला. पुट विकलाच पाहिजे असं नाही. कॉल असेल तर त्याच्या उलट, फ्यूचर विकायचं.

आता एक दार बंद झालं तर दुसऱ्याने जाता येतं. ट्रेडिंग हॉल्टमध्ये अडचण ही होते की दोन्ही दारं बहुधा एकदमच बंद होतात. कारण समोर ऑप्शन विकत घेणारा जो असतो, तो काही हौशी माणूस नसतो. तो बहुतेक वेळा दिवसभर दोन्हीकडचे भाव देणारा व्यावसायिक असतो, आणि तुमच्याकडून पुट घेतला की लगेच शेअर किंवा फ्यूचर घेऊन आपली जोखीम झाकतो. शेअरचा सौदाच होत नसेल तर त्याला झाकायला काही उरत नाही. मग तो आपले भाव काढून घेतो. म्हणून मूळ शेअर थांबला की ऑप्शनचा बाजार नियमाने चालू असला तरी आतून रिकामा होतो.

आता प्रत्यक्षात घडलेलं बघू. तारीख २४ फेब्रुवारी २०२१, वार बुधवार. जागा मुंबईच, नॅशनल स्टॉक एक्स्चेंज. दुसऱ्या दिवशी गुरुवारी, २५ तारखेला, महिन्याची एक्स्पायरी होती. म्हणजे निफ्टीचा जो ऑप्शन कुणाकडे होता, त्याचं आयुष्य उरलं होतं जेमतेम दीड दिवस.

सकाळी १० वाजून ८ मिनिटांच्या सुमारास निफ्टी आणि बँक निफ्टीचे आकडे हलायचे थांबले. आकडे थांबले, सौदे थांबले नव्हते. शेअरचे भाव बदलत होते, फ्यूचर बदलत होतं, फक्त निर्देशांकाचा आकडा पडद्यावर गोठलेला. हे जवळजवळ दीड तास चाललं. मग ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसईने फ्यूचर-ऑप्शनचे व्यवहार थांबवले आणि ११ वाजून ४३ मिनिटांनी शेअरचेही. सुरुवातीला सांगितलं गेलं की दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांमध्ये बिघाड आहे. पुढे एनएसईने जे स्पष्टीकरण दिलं त्यातला महत्त्वाचा भाग असा की क्लिअरिंग कॉर्पोरेशनची जोखीम तपासणारी यंत्रणाच उपलब्ध नव्हती.

इथे जरा थांबू, कारण हे समजलं नाही तर हॉल्टचा राग नुसता येतो, कारण कळत नाही. तुम्ही ऑर्डर टाकता तेव्हा तुमच्या ब्रोकरकडे पुरेसं मार्जिन आहे का हे त्या क्षणी तपासलं जातं. ही तपासणी बंद पडली आणि सौदे चालूच ठेवले, तर कोण किती जोखीम घेऊन बसलाय हे कुणालाच कळणार नाही. उद्या कुणी बुडाला तर त्याचे पैसे भरायचे कुणी? म्हणून दुकानाचं शटर ओढावं लागतं. निर्णय योग्यच म्हणावा लागेल. प्रश्न निर्णयाचा नाही, शटर ओढलं तेव्हा आत कोण राहिलं याचा आहे.

समजा, त्या दिवशी सकाळी एकाने १४,८०० चा पुट घेतला होता. व्यवहार थांबले तेव्हा निफ्टी साधारण तिथेच, १४,८०० च्या आसपास होता. याला बाहेर पडायचंय. पहिलं दार, म्हणजे पुट विकणं: बंद. दुसरं दार, निफ्टीचं फ्यूचर घेणं: तेही एनएसईवरच, तेही बंद. शेजारी बीएसई चालू होती, हे खरं. शेअरवाल्यांना त्याचा उपयोग झाला, कारण एनएसईवर घेतलेला शेअर बीएसईवर विकता येतो. पण निफ्टीचा ऑप्शन बीएसईवर विकता येत नाही, तो तिथे नसतोच. बीएसईचे सेन्सेक्सवरचे ऑप्शन होते, पण त्या काळात त्यांच्यात सौदे इतके तुरळक होते की त्यातून जोखीम झाकणं कागदावरच शक्य होतं.

दुपारचे तीन वाजत आले तरी काही कळत नव्हतं. ज्यांनी इंट्राडेमध्ये शेअर घेतले-विकले होते, त्यांचे सौदे बाजार बंद व्हायच्या आत मिटवायला हवेत म्हणून अनेक ब्रोकरांनी ते बीएसईवर मिळेल त्या भावाला मिटवून टाकले. आणि मग जाहीर झालं की एनएसई पावणेचारला परत सुरू होणार आणि पाच वाजेपर्यंत चालणार. बाजार उघडला आणि वर गेला. निफ्टी २७४ अंकांनी वाढून १४,९८२ वर बंद झाला, सेन्सेक्स हजारावर अंकांनी वाढला. दुसऱ्या दिवशी एक्स्पायरीला निफ्टी १५,०९७ वर. आपल्या गृहस्थाचा १४,८०० चा पुट शून्य झाला.

आता कुणी म्हणेल, बाजार वर गेला म्हणून पुट बुडाला, त्यात हॉल्टचा काय दोष? बरोबर आहे, दिशेचा दोष त्याचाच. पण वेळेचा हिशेब करून बघा. ११ वाजून ४० मिनिटांनी त्याच्या ऑप्शनला बुधवारचे ३ तास ५० मिनिटं आणि गुरुवारचे सव्वासहा तास, एकूण दहा तास पाच मिनिटं बाजार उरला होता. हॉल्टनंतर मिळाले बुधवारचे सव्वा तास आणि गुरुवारचे सव्वासहा, म्हणजे साडेसात तास. उरलेल्या वेळेतला चौथा हिस्सा गेला, आणि एक्स्पायरी काही पुढे ढकलली गेली नाही. ऑप्शन घेणारा वेळेचेच पैसे मोजतो. ज्या वेळेचे पैसे भरले त्यातली पाव वेळ दार बंद होतं, आणि ते पैसे परत मिळण्याची सोय नाही.

त्या दिवसात आमच्या मते सगळ्यात शिकण्यासारखे होते ते १० वाजून ८ मिनिटं ते ११ वाजून ४० मिनिटं हे दीड तास. निर्देशांक गोठला होता आणि फ्यूचर हलत होतं. ही खूण होती. त्या दीड तासात दोन्ही दारं उघडी होती. ज्याने फक्त निफ्टीचा आकडा बघितला त्याला वाटलं बाजार शांत आहे. ज्याने शेजारी फ्यूचरचा भाव ठेवला होता त्याला कळलं की काहीतरी बिघडलंय. दोघांच्या पडद्यावर माहिती तीच होती.

पुढे सेबीने यावर एक उपाय केला. नोव्हेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार एनएसई आणि बीएसई या एकमेकींच्या पर्यायी जागा ठरल्या, आणि १ एप्रिल २०२५ पासून ही व्यवस्था लागू झाली. एक एक्स्चेंज बंद पडलं तर तिथे अडकलेल्या माणसाने दुसरीकडे तशाच किंवा जवळच्या निर्देशांकात उलटा सौदा करून आपली जोखीम झाकावी, असा त्याचा भाव. आपल्या भाषेत, दुसरं दार शेजारच्या घरातून काढून दिलं. पण लक्षात घ्या, निफ्टी आणि सेन्सेक्स एकत्र हलतात, एकच नाहीत. शिवाय उलटा सौदा करायला वेगळे पैसे, वेगळं मार्जिन लागतं. चाळीस रुपयांचा पुट घेऊन बसलेल्याकडे ते असतंच असं नाही.

आतापर्यंत बिघाडाबद्दल बोललो. आता नियमाने होणाऱ्या थांब्याकडे येऊ, म्हणजे सर्किट. यात लोकांचा एक गोंधळ हमखास असतो. सर्किट दोन प्रकारचं असतं, एक सगळ्या बाजाराचं, दुसरं एकेका शेअरचं.

सगळ्या बाजाराचं सर्किट २००१ पासून आहे. निफ्टी किंवा सेन्सेक्स, जो आधी पोहोचेल तो, १० टक्के, १५ टक्के किंवा २० टक्के हलला की थांबा. दहा टक्क्यांचा थांबा दुपारी एकच्या आत आला तर ४५ मिनिटं बाजार बंद, आणि त्यानंतर पंधरा मिनिटं ऑर्डर गोळा करून भाव ठरवायची. वीस टक्के झाले तर त्या दिवसापुरतं संपलं. शेअर, फ्यूचर, ऑप्शन सगळं एकदम थांबतं, म्हणजे दोन्ही दारं बंद.

मार्च २०२० मध्ये हे दहा दिवसांत दोनदा झालं. १३ मार्चला, शुक्रवारी, बाजार उघडल्यावर पाच-सात मिनिटांतच निफ्टी दहा टक्के पडून ८,६२४ वर आला आणि थांबला. समजा कुणाकडे ९,००० चा पुट होता. त्या क्षणी त्याचं नुसतं अंतर्गत मूल्यच ३७६ अंक. तेव्हा निफ्टीचा लॉट ७५ चा होता, म्हणजे अठ्ठावीस हजार दोनशे रुपये. पडद्यावर फायदा दिसतोय, विकायचं बटण आहे, पण सौदा नाही. तासाभराने बाजार उघडला, दिवसभर चढत गेला आणि निफ्टी ९,९५५ वर बंद झाला, आदल्या दिवसापेक्षाही वर! तोच पुट आता हजार अंक लांब. बाजार उघडल्यावर ज्याने पटकन विकला तो वाचला. ज्याला वाटलं आता आणखी पडेल, त्याचा फायदा विरला.

आणि २३ मार्चला, सोमवारी, तसाच दहा टक्क्यांचा थांबा आला. या वेळी उघडल्यावर बाजार आणखी पडला, निफ्टी तेरा टक्के खाली ७,६१० वर बंद झाला. म्हणजे थांबा तोच, वेळ तेवढीच, आणि परिणाम अगदी उलटे. थांब्यामुळे बाजार सावरतो की कोसळतो, याचं उत्तर थांब्यात नसतं. ऑप्शन घेतलेल्यासाठी अर्थ एवढाच की त्या तासात भाव कुठे जाणार हे ठरतं, आणि त्या ठरण्यात त्याला बोलता येत नाही.

आता एकेका शेअरचं सर्किट. वर्तमानपत्रात वाचतो ना, अमुक शेअरला अप्पर सर्किट लागलं, पाच टक्के, दहा टक्के, वीस टक्के. हे ज्या शेअरवर फ्यूचर-ऑप्शन नाहीत त्यांच्यासाठी. ज्यांच्यावर ऑप्शन आहेत त्यांना अशी पक्की हद्द नसते. त्यांची हद्द दहा टक्क्यांपासून सुरू होते आणि भाव तिथे पोहोचला की, अटी पूर्ण झाल्यावर, पुढे सरकवली जाते. २०२४ मध्ये नियम बदलले आणि आता प्रत्येक वेळी सरकवण्याआधी थोडा थंडावण्याचा काळ ठेवतात. म्हणून ऑप्शनवाल्याला सर्किट लागून दिवसभर शेअर अडकेल ही भीती कमी, पण त्याचीच दुसरी बाजू अशी की शेअर एका दिवसात कितीही पडू शकतो.

याचं उदाहरण आपल्याच मुंबईतलं आहे, येस बँक. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, खातेदाराला पन्नास हजारांच्या वर काढता येईना. आपल्यापैकी काहींनी एटीएमसमोरच्या त्या रांगा बघितल्या असतील. दुसऱ्या दिवशी शेअर ३६ रुपये ८० पैशांवरून १६ रुपये २० पैशांवर बंद झाला. छपन्न टक्के, एका दिवसात, कुठेही सर्किट आडवं आलं नाही.

पण ऑप्शनवाल्यांचा खरा सापळा आठवड्याने लागला. १३ मार्चला बँकेच्या पुनर्रचनेची योजना अधिसूचित झाली. त्यात एक कलम असं होतं की ज्यांच्याकडे शंभरपेक्षा जास्त शेअर आहेत, त्यांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले. शेअरचे व्यवहार बंद झाले नाहीत. पण चारातले तीन शेअर विकायला बंदी झाली.

हे ऑप्शनवाल्याला का लागतं ते समजायला एक नियम माहीत हवा. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या शेअरच्या फ्यूचर-ऑप्शनची तडजोड प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. निर्देशांकाचे ऑप्शन पैशात मिटतात, शेअरचे नाही. तुमचा पुट एक्स्पायरीला फायद्यात असेल, अगदी एक रुपयाने का होईना, तर तो आपोआप वापरला जातो आणि तुम्हाला तितके शेअर द्यावे लागतात. तुमच्याकडे शेअर नसतील तर? ते बाजारातून आणायचे. आणि बाजारात चारातले तीन शेअर कुलपात.

त्या आठवड्यात येस बँकेचा भाव १३ मार्चच्या सुमारे पंचवीस रुपयांवरून १७ मार्चला साठीच्या जवळ गेला. वाढीला आणखीही कारणं होती, बँक वाचणार हे स्पष्ट झालं होतं. पण शेअर देण्याचं ज्यांच्यावर बंधन होतं आणि ज्यांच्याजवळ ते नव्हते, त्यांची पळापळ त्यात होतीच. एरवी बँक बुडतेय म्हणून पुट घेणारा शहाणा ठरला असता. इथे त्याचं दुसरं दार, म्हणजे शेअर घेऊन झाकणं, रोज महाग होत गेलं.

हे पुटचं प्रकरण एकदा आकड्यांत बघू, कारण अडकलेला खरेदीदार प्रीमियमपेक्षा जास्त कसा गमावतो हे याच्यातच आहे. एक कल्पित शेअर घ्या, हजाराचा लॉट. एकाने १०० चा पुट तीन रुपयांना घेतला, म्हणजे तीन हजार रुपये गेले. एक्स्पायरीच्या दिवशी शेअर ९६ वर आहे. पुट चार रुपयांनी फायद्यात. त्याचा बेत असा की चार रुपयांना विकायचा, हजार रुपये सुटतील, घरी जायचं. पण शेवटच्या तासात खरेदीदार नाही. किंवा आहे तो अडीच रुपये देतोय. हा म्हणतो, चारचा माल अडीचला का देऊ? आणि बसून राहतो. साडेतीन वाजतात.

आता त्याच्यावर हजार शेअर द्यायचं बंधन आलं. त्याबदल्यात त्याला एक लाख मिळतील. शेअर जवळ नाहीत. ते त्याच्या नावाने लिलावात विकत घेतले जातात, आणि तोवर शेअर उसळून १०४ वर गेला असेल तर एक लाख चार हजार लागतात. चार हजार इथे गेले, तीन हजार प्रीमियमचे आधीच गेले, वर ब्रोकरेज आणि दंड. लिलावातही शेअर मिळाले नाहीत, म्हणजे अगदी अप्पर सर्किटवर अडकलेला किंवा बंद पडलेला शेअर असेल, तर चढ्या, दंडासारख्या भावाने हिशेब करून मोकळं केलं जातं. तीन हजारांचं नुकसान ठरलेलं आहे म्हणून आत शिरलेला माणूस सात हजार आणि वर देऊन बाहेर येतो.

त्याने काय करायला हवं होतं? दोन गोष्टी होत्या. अडीचला विकून पाचशेचं नुकसान घेणं, ही एक. किंवा दुपारीच बाजारातून ९६ ला हजार शेअर घेणं, म्हणजे एक्स्पायरीला तेच देऊन १०० मिळाले असते आणि बेत केलेला फायदा तसाच हातात. पण त्यासाठी दिवसभरापुरते शहाण्णव हजार हवेत. म्हणून आम्ही नेहमी सांगतो, पुट घेताना खिशात तीन हजार आहेत का हे बघू नका, शेवटच्या दिवशी शेअर उचलायची ताकद आहे का ते बघा. नसेल तर एक्स्पायरीच्या आठवड्यात त्यात राहूच नका. शेवटच्या चार दिवसांत फायद्यातल्या ऑप्शनवर डिलिव्हरीचं मार्जिन टप्प्याटप्प्याने चढतं ते याच कारणाने, आणि ते भरता आलं नाही तर ब्रोकर तुमचा सौदा स्वतःच काढून टाकतो, त्याला मिळेल त्या भावाला.

इथे अजून एक अर्धवट बंद होणारं दार सांगतो. एखाद्या शेअरमध्ये फ्यूचर-ऑप्शनचे एकूण उभे सौदे ठरलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेले की तो बंदीत जातो. मग फक्त आपली जोखीम कमी करणारे सौदे करता येतात, वाढवणारे नाहीत, आणि ८० टक्क्यांवर येईपर्यंत हे चालतं. ऐकायला हे ऑप्शनधारकाच्या बाजूचं वाटतं, कारण बाहेर पडायला मुभा आहे. पण तुमचा ऑप्शन घेणार कोण? नवा माणूस येऊ शकत नाही. ज्याचा सौदा आधीच उभा आहे आणि तो घेऊन ज्याची जोखीम कमी होते, तोच घेऊ शकतो. म्हणजे घराबाहेर जायला सगळ्यांना परवानगी, आत यायला कुणालाच नाही, आणि तुम्हाला मात्र आत येणाऱ्यालाच घर विकायचंय. बंदीची यादी एनएसई रोज जाहीर करते. ती बघायला अर्धा मिनिट लागतो.

आता शेवटचा प्रकार, मूळ शेअरच पूर्ण बंद. याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे, सिलिकॉन व्हॅली बँक, मार्च २०२३. ९ मार्चला, गुरुवारी शेअर १०६ डॉलरवर बंद झाला, आदल्या दिवशी तो २६७ वर होता. शुक्रवारी सकाळी व्यवहार थांबवले गेले आणि त्याच दिवशी बँक सरकारी ताब्यात गेली. १७ मार्चला एक्स्पायर होणारे पुट अनेकांच्या हातात होते. दिशेचा अंदाज त्यांनी शंभर टक्के बरोबर बांधला होता. पण शेअर थांबला म्हणून ऑप्शनही थांबला.

तिथले शेअरचे ऑप्शन एक्स्पायरीच्या आधी कधीही वापरता येतात. म्हणजे बाजार बंद असला तरी एक तिसरं दार होतं, आपला हक्क वापरणं. पण पुट वापरायचा तर शेअर द्यायला हवा, आणि शेअर तर बाजारातच नाही. काही ब्रोकरांनी त्यामुळे सुरुवातीला कां-कू केली. शिवाय फायद्यातला ऑप्शन आपोआप वापरला जाण्याची नेहमीची सोय त्या शेअरसाठी काढून घेतली गेली, कारण ताजा भावच नव्हता. म्हणजे ज्याने स्वतःहून सूचना दिली नाही, त्याचा फायद्यातला पुट वाया जाण्याची वेळ आली. शेअर परत बाजाराबाहेरच्या बाजारात दिसला तो २८ मार्चला, एका डॉलरपेक्षाही कमी भावाला.

आपल्याकडे ते तिसरं दार नाही. २०११ पासून आपले शेअरचे ऑप्शनही फक्त एक्स्पायरीलाच वापरले जातात. हॉल्ट असेल तर वाट बघणं एवढंच उरतं. उलट आपोआप वापरला जाण्याचा धोका आपल्याकडे आहे, तो वर सांगितलाच.

हे सगळं घडण्याआधी कळतं का, असं मध्यंतरात एका ताईंनी विचारलं. काही खुणा कळतात. तुमच्या मोबाइलवर दिसणारा फायदा शेवटच्या सौद्याच्या भावावर काढलेला असतो. तो सौदा कधी झाला त्याची वेळ बघा. चाळीस मिनिटांपूर्वीचा असेल तर तो फायदा चाळीस मिनिटांपूर्वीचा आहे. मग खरेदीदारांच्या पाच ओळी उघडा. तिथे तुमच्या एका लॉटएवढी तरी मागणी कोणत्या भावाला आहे? तुमची खरी किंमत ती. आणि घेणारा-विकणारा यांच्या भावातलं अंतर सकाळी पन्नास पैसे होतं आणि आता तीन रुपये झालंय, तर भाव देणारे निघून चाललेत. हॉल्ट अजून आलेला नाही, पण पहिलं दार अर्धं लागलंय.

श्रोत्यांमधून एका काकांनी विचारलं, हॉल्टच्या वेळी आपण टाकलेली ऑर्डर राहते का? सोपं उत्तर, राहिली असं धरू नका. बाजार परत उघडताना आधी ऑर्डर गोळा करून भाव ठरवला जातो. तुमची जुनी ऑर्डर रद्द झालीय की तशीच आहे, हे उघडायच्या आधी ऑर्डर बुकमध्ये जाऊन स्वतः बघा. आणि परत टाकताना मार्केट ऑर्डर नको. रिकाम्या बाजारात मार्केट ऑर्डर म्हणजे समोरचा म्हणेल तो भाव. लिमिट लावा, भले दोन पावलं सोडून लावा. आमच्यातल्याच एकाने अशा वेळी घाईत मार्केट ऑर्डर टाकून अठरा रुपयांचा कॉल सहाला विकला होता. दोन मिनिटांनी तो परत सतरावर होता. तेव्हापासून त्याला आम्ही अठराचा सहा म्हणतो, आणि तो आज शेवटच्या रांगेत बसलाय.